दाताच्या डॉक्टरांची वेळ बदलून घेणारा फोन : मध्यम पातळीच्या मराठी संभाषणाचा सराव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी बोलायला शिकू पाहणारी बहुतेक मंडळी अगदी कोरी पाटी घेऊन येत नाहीत. घरात कन्नड किंवा उर्दू बोलली जात असली, तरी बाजारात, बसमध्ये आणि शेजारीपाजारी मराठी कानांवर पडत असते, त्यामुळे भाव विचारणे, पत्ता सांगणे, हालहवाल विचारणे यांत त्यांचे फारसे अडत नाही. अडते ते फोनवर. समोरासमोर बोलताना बोटांनी आकडा दाखवता येतो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात करता येतो, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आपले बोलणे पोहोचले की नाही हे कळते. फोनवर यातला एकही आधार उरत नाही. म्हणून मध्यम पातळीच्या विद्यार्थ्यांना सराव द्यायचा असेल, तर तो फोनवरच्या संभाषणाचा द्यावा, आणि त्यातही ठरलेली वेळ बदलून घेण्याचा द्यावा, असे माझे मत आहे.

नवी वेळ मागण्याचा फोन तुलनेने सोपा असतो, कारण त्यात एक विचारणा आणि एक उत्तर एवढेच असते. वेळ बदलताना मात्र आधीची वेळ नेमकी सांगावी लागते, अडचण थोडक्यात मांडावी लागते, समोरून सुचवलेली वेळ सोयीची नसेल तर न दुखावता नाकारावी लागते, आणि शेवटी जुनी वेळ रद्द झाली व नवी नोंदली गेली याची खात्री करून घ्यावी लागते. दाताच्या दवाखान्याचा प्रसंग मुद्दाम घ्यावा याला आणखी एक कारण आहे. तिथे वेळ किती पुढे ढकलता येईल हे केवळ दोघांच्या सोयीवर ठरत नाही. ते दाताच्या अवस्थेवरही ठरते. त्यामुळे स्वागतकक्षातली बाई उलट प्रश्न विचारते, आणि पाठ केलेली वाक्ये तिथे कामाला येत नाहीत.

आधी प्रसंग पक्का करा

"दाताच्या डॉक्टरांकडे जायचे आहे" एवढ्या मोघम सूचनेवर सराव सुरू केला, तर विद्यार्थी दोन मिनिटांत गप्प होतात, कारण बोलायला सामग्रीच नसते. कोणता दात, कोणता उपचार, कितवी खेप, हे आधी ठरलेले असावे. पुढचा नमुना मी रूट कॅनॉलच्या दुसऱ्या सिटिंगवर बेतला आहे. या उपचाराला एकाहून अधिक खेपा लागतात तेव्हा पहिल्या खेपेला दाढेतली किडलेली नस काढून तिच्या नळ्या साफ करतात, आत औषध भरतात आणि वरून तात्पुरते सिमेंट लावून तोंड बंद करतात. दुसऱ्या खेपेला त्या नळ्या कायमच्या भरतात आणि त्यानंतर बहुधा वर कॅप बसवतात. तात्पुरते सिमेंट नावाप्रमाणेच तात्पुरते असते; चावून चावून ते झिजते, कडेने फट पडते आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. दोन-तीन आठवड्यांपलीकडे त्यावर डॉक्टर सहसा भरवसा ठेवत नाहीत. रुग्णाने "महिनाभराने येतो" म्हटले की स्वागतकक्षातून आक्षेप येतो तो याच कारणाने. विद्यार्थ्याला हे माहीत असेल, तर तो आक्षेप त्याला चक्रावून टाकत नाही.

रुग्णाला अडचणही खरी वाटेल अशी द्यावी. "काही काम आहे" हे उत्तर खऱ्या फोनवर चालते, पण सरावात ते पळवाट ठरते. खानापूर तालुक्यात नोव्हेंबर महिना भाताच्या सुगीचा असतो आणि मळणीचे मशीन ज्या दिवशी मिळेल तो दिवस सोडता येत नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शहरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे परके वाटले, तर त्याच्यासाठी नाडकचेरीतले काम किंवा मुलाच्या शाळेतली पालकसभा घ्यावी.

नमुना संभाषण

फोन सोमवारी, 24 नोव्हेंबरला केला आहे असे धरू. रुग्णाचे आडनाव पाटील ठेवले आहे, कारण या भागात पाटील मराठी बोलणाऱ्यांतही सापडतात आणि कन्नड बोलणाऱ्यांतही. सराव करताना प्रत्येकाने आपलेच नाव सांगावे.

क्लिनिक : नमस्कार, डेंटल क्लिनिक. हेळ्री.

पाटील : नमस्कार मॅडम. मराठीत बोललं तर चालेल ना?

क्लिनिक : चालेल की. बोला.

पाटील : मी खानापूरहून पाटील बोलतोय, येत्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी साडेदहाची माझी अपॉइंटमेंट आहे. ती जरा बदलून हवी होती.

क्लिनिक : थांबा हं, वही बघते. खानापूरचे दोन पाटील दिसतात. तुमचं कशासाठी होतं?

पाटील : रूट कॅनॉलसाठी. डावीकडची खालची दाढ. पहिलं सिटिंग मागच्या मंगळवारी, अठरा तारखेला झालं.

क्लिनिक : हां, सापडलं. गुरुवारी काय अडचण आहे?

पाटील : आमच्याकडे भाताची मळणी आहे. मशीन नेमकं गुरुवारीच मिळालंय, त्यामुळे त्या दिवशी यायला जमणार नाही. सुगी आटोपल्यावर आलो तर चालेल का? म्हणजे दहा डिसेंबरनंतर.

क्लिनिक : एवढं लांब नको हो. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलंय ना, ते फार दिवस ठेवता येत नाही. आता दुखते का दाढ?

पाटील : तशी दुखत नाही. पण त्या बाजूनं चावलं की थोडी कळ येते.

क्लिनिक : सूज, ताप वगैरे?

पाटील : नाही. सूज नाही, तापही नाही.

क्लिनिक : आणि सिमेंट जागेवर आहे का?

पाटील : आहे. जिभेला खड्डा लागत नाही.

क्लिनिक : मग शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला या.

पाटील : शुक्रवार अवघड आहे मॅडम, मळणी दोन दिवस चालेल. शनिवारी काही मिळेल का?

क्लिनिक : शनिवारी डॉक्टर दुपारपर्यंतच असतात. एकोणतीस तारीख... पावणेअकराला जमेल?

पाटील : माफ करा, आवाज तुटला. किती वाजता म्हणालात?

क्लिनिक : पावणेअकरा.

पाटील : म्हणजे दहा पंचेचाळीस ना?

क्लिनिक : हो हो, अकराला पंधरा मिनिटं कमी.

पाटील : जमेल. साधारण किती वेळ लागेल?

क्लिनिक : तासभर धरून चला.

पाटील : बरं. मग एकदा सांगतो, बरोबर आहे का बघा. गुरुवारची, सत्तावीस तारखेची वेळ रद्द, आणि त्याऐवजी शनिवारी, एकोणतीस तारखेला, सकाळी पावणेअकरा.

क्लिनिक : बरोबर. नंबर हाच ना तुमचा?

पाटील : हो, हाच.

क्लिनिक : आणि मधे दुखायला लागलं किंवा सूज आली, तर शनिवारपर्यंत थांबू नका. लगेच फोन करा.

पाटील : करतो. धन्यवाद मॅडम. ठेवतो.

सुरुवातीची तीन वाक्ये

बेळगावात फोन उचलणारी व्यक्ती पहिले वाक्य कन्नडमध्ये बोलेल, मराठीत बोलेल की दोन्हींच्या मिश्रणात, हे आधी सांगता येत नाही. नमुन्यातल्या "हेळ्री" या एका शब्दाने विद्यार्थ्याची परीक्षा तिथेच सुरू होते, कारण कन्नड मातृभाषा असलेला विद्यार्थी सवयीने लगेच कन्नडमध्ये शिरतो आणि सराव संपतो. "मराठीत बोललं तर चालेल ना?" हे वाक्य त्यासाठी आहे. त्यात आग्रह नाही, तक्रार नाही. सोय विचारलेली आहे. इथल्या भाषेच्या वातावरणात हा सूर सांभाळणे किती उपयोगाचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या वाक्यात नाव, वार, तारीख आणि वेळ या चारही गोष्टी एका दमात येतात. विद्यार्थी बहुधा उलट क्रमाने जातात : आधी मळणीची सगळी कथा सांगतात आणि मग कोण बोलतो आहे ते सांगतात. वही उघडून बसलेल्या माणसाला त्या कथेचा तोवर काही उपयोग नसतो. तिसरे वाक्य "ती जरा बदलून हवी होती" असे आहे. मागणी आत्ताची असूनही क्रियापद भूतकाळातले आहे, आणि त्यामुळे बोलणे मऊ होते. "मला वेळ बदला" असे विद्यार्थी म्हणतात तेव्हा व्याकरणापेक्षा सूर जास्त बिघडतो. "हवी होती" हा एक तुकडा पक्का झाला की तो बँकेत, शाळेत, गॅस एजन्सीत सगळीकडे वापरता येतो.

याच ठिकाणी लिंगाची अडचण उभी राहते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात, त्यामुळे "माझं अपॉइंटमेंट" किंवा "माझा दाढ दुखतो" असे ऐकू येते. सगळ्या नामांची लिंगे या एका पाठात सुधारायला जाऊ नये. या फोनला तीनच पुरतात : दात दुखतो, दाढ दुखते, सिमेंट निघतं. ही तीन वाक्ये ठणठणीत झाली की बाकी सगळे त्यांच्या आधाराने बसते. अपॉइंटमेंट आणि वेळ हे दोन्ही शब्द दाढेच्या रांगेत, म्हणजे स्त्रीलिंगी, एवढे लक्षात ठेवायला सांगावे. "दुसरी वेळ मिळेल का" आणि "किती वेळ लागेल" यांतला फरक मात्र शिक्षकाने एकदा फळ्यावर दाखवून सोडून द्यावा. नमुन्यात दोन्ही आले आहेत.

नाही म्हणण्याची पद्धत

सबंध फोनचा भार "जमणे" या क्रियापदावर आहे. "यायला जमणार नाही", "पावणेअकराला जमेल?", "जमेल" अशा तीन रूपांत ते येते, आणि त्याच्या बळावर नकार व होकार दोन्ही देता येतात. कन्नडच्या वळणाने विद्यार्थी "यायला होत नाही" म्हणतात. सीमाभागात हे कुणालाही कळते आणि घरी बोलताना ते टोचतही नाही. पण फोनवर त्याचा अर्थ "आत्ता होत नाही" असा लागू शकतो, तर "जमणार नाही" म्हटल्यावर पुढच्या दिवसाबद्दल बोलणे चालले आहे हे स्पष्ट होते.

नकार देताना पाटील काय करतात ते विद्यार्थ्यांना नीट पाहायला लावावे. "शुक्रवार अवघड आहे" असे म्हणून ते थांबत नाहीत. कारण देतात आणि त्याच श्वासात शनिवारची विचारणा करतात. नुसता नकार देऊन गप्प राहिले, की फोनवर एक अवघडलेली शांतता पसरते आणि पुढची वेळ सुचवण्याचे ओझे पुन्हा समोरच्यावर पडते. नकार, कारण आणि पर्याय ही तिन्ही एकाच खेपेत यावीत, हा या पाठातला माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे, आणि गुण द्यायचे झालेच तर निम्मे गुण मी यालाच देईन.

आकडे कुठे घसरतात

या भागात शिकवणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. वेळ सांगण्याची मराठी आणि कन्नड पद्धत वरवर सारखी वाटते, पण एका जागी ती उलटी आहे. पावणेअकरा म्हणताना मराठी माणूस पुढच्या तासाचे नाव घेऊन त्यातून पाव तास वजा करतो. कन्नडमध्ये तीच वेळ दहा आणि पाऊण अशी, मागच्या तासात भर घालून सांगतात. कन्नडमध्ये विचार करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानांवर "अकरा" हा शब्द पडला, की तो अकराच्या पुढचे काहीतरी असणार असे मनाशी ठरवतो आणि वहीत 11.15 लिहितो. क्लिनिकमध्ये तो अर्धा तास उशिरा पोहोचतो, आणि आपले काय चुकले हे त्याला तिथेही कळत नाही, कारण "पावणेअकरा" हा शब्द त्याने अगदी बरोबर ऐकलेला असतो.

दुसरी घसरण दीड आणि अडीचवर होते. कन्नडमध्ये दीडसाठी एक आणि अडीचसाठी दोन या आकड्यालाच अर्ध्याचा प्रत्यय लागतो, त्यामुळे "साडेएक" आणि "साडेदोन" हे शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडून सहज येतात. ते ऐकणाऱ्याला कळतात, म्हणून त्यांनी फारसे बिघडत नाही. बिघडते ते उलट बाजूने, म्हणजे समोरून "अडीच" आले आणि विद्यार्थ्याला तो शब्द ओळखताच आला नाही तर.

तारखांचेही असेच आहे. एकोणतीस या आकड्यात मराठी तिसातून एक वजा करते, तर कन्नड विसात नऊ मिळवते. त्यामुळे फोनवर "एकोणतीस" ऐकल्यावर विद्यार्थी कधी 30 लिहितो, कधी 39 म्हणून गोंधळतो. 19 आणि 29 या दोन तारखांवरच हा सापळा असल्यामुळे नमुन्यात 29 ही तारीख मुद्दाम घेतली आहे. यावरचा उपाय सोपा आहे : तारखेबरोबर वार न चुकता म्हणावा. शनिवार आणि एकोणतीस यांचा मेळ बसला नाही, तर चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

त्याच कारणासाठी "परवा" आणि "पुढच्या गुरुवारी" हे शब्द या फोनपुरते बाजूला ठेवावेत. परवा मागचाही असतो आणि पुढचाही. क्रियापदावरून तो कळतो खरा, पण आवाज तुटत असताना क्रियापदच आधी हरवते. सोमवारी बोलताना "पुढच्या गुरुवारी" म्हटले, तर तीन दिवसांनी की दहा दिवसांनी, यावर मराठीच मातृभाषा असलेल्या दोघांचेही एकमत होत नाही. नमुन्यात "येत्या गुरुवारी, सत्तावीस तारखेला" असे दोन्ही मिळून आले आहे ते त्यासाठीच.

दाढेबद्दलचे प्रश्न

क्लिनिकमधून आलेले दुखते का, सूज आहे का, ताप आहे का, सिमेंट जागेवर आहे का हे प्रश्न शिष्टाचाराचे नाहीत. उत्तरावरून वेळ पुढे जाणार की अलीकडे येणार हे ठरते. रुग्णाने "गालावर सूज आली आहे आणि ताप आहे" असे सांगितले असते, तर शनिवारची चर्चाच झाली नसती. त्याला त्याच दिवशी बोलावले असते. तोंड उघडता येत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर ते तातडीचे लक्षण धरतात. म्हणून या प्रश्नांना "थोडं थोडं दुखतं" असे गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही.

दुखण्याचे शब्द मराठीत भरपूर आहेत, पण विद्यार्थ्याला इथे तीन दिले तरी पुरे. सतत, विशेषतः रात्री, ठोके पडल्यासारखे दुखत असेल तर दाढ ठणकते. चावताना एकदम टोचून गेले तर कळ येते. गार पाण्याने झिणझिणल्यासारखे झाले तर दात सळसळतो. पाटलांची कळ चावण्यापुरती आहे, म्हणून शनिवारपर्यंत थांबता आले. त्याच जागी त्यांनी "रात्रभर ठणकते" म्हटले असते, तर क्लिनिकने वेगळे उत्तर दिले असते. सरावात शिक्षकाने हा एक शब्द बदलून पाहावा. क्लिनिकची भूमिका करणारा विद्यार्थी तरीही शांतपणे शनिवारच देत राहिला, तर तो ऐकत नसून नमुना आठवतो आहे, हे लगेच समजते.

सराव कसा घ्यावा

पहिल्या फेरीत संभाषण फक्त ऐकवावे. कागद हातात देऊ नये. ऐकून झाल्यावर तीनच गोष्टी विचाराव्यात : जुनी वेळ कोणती, नवी कोणती, आणि मधली कोणती वेळ का नाकारली. ज्यांना तिसऱ्याचे उत्तर देता येत नाही, त्यांना आणखी एकदा ऐकवावे. त्यानंतरच कागद वाटून जोडीने एकदा वाचून घ्यावे. वाचन एकदाच, दहा वेळा वाचल्याने उच्चार सुधारत असेल, फोन सुधारत नाही.

दुसऱ्या फेरीपासून कागद काढून घ्यावेत आणि जोडीतल्या दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्याव्यात. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहायची नाही. दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे, किंवा जागा असेल तर एकाने बाहेर जाऊन खरोखर मोबाईलवरून फोन करावा. क्लिनिकच्या चिठ्ठीवर वहीचे पान असते : शुक्रवारी 28 ला फक्त संध्याकाळी साडेचार मोकळे, शनिवारी 29 ला पावणेअकरा आणि सव्वाबारा मोकळे, सोमवारी 1 डिसेंबरला डॉक्टर बाहेरगावी, मंगळवारी 2 ला साडेअकरा मोकळे, आणि त्यापुढे ही दाढ थांबवायची नाही. रुग्णाच्या चिठ्ठीवर त्याच्या अडचणी असतात : गुरुवार आणि शुक्रवार मळणी, शनिवारी साडेबाराच्या बसने परतायचेच, मंगळवारी मुलीच्या शाळेत बोलावणे. तासभराचे काम धरले तर या दोन चिठ्ठ्यांमध्ये जुळणारी वेळ एकच उरते. ती कुणालाही आयती दिसत नाही. विचारून, नाकारून, पुन्हा विचारूनच ती सापडते. सव्वाबाराची वेळ घेतली असेल, तर "किती वेळ लागेल?" हा प्रश्न रुग्णाने विचारलेलाच नाही, हे शिक्षकाला न ऐकताही कळते.

फोन संपला की दोघांनी एकमेकांशी न बोलता आपापल्या कागदावर वार, तारीख आणि वेळ आकड्यांत लिहावी. कागद शेजारी शेजारी ठेवावेत. ते जुळले तर फोन यशस्वी, मग व्याकरणाच्या चार चुका झाल्या असल्या तरी. जुळले नाहीत तर फसला, मग भाषा कितीही सफाईदार असो. ही कसोटी मला फार न्याय्य वाटते, कारण खऱ्या फोनची कसोटीही तीच असते.

कागद जुळले नाहीत, तर कारण शोधायला फोनचा शेवट आठवावा. बहुतेक वेळा विद्यार्थ्याने वेळ ऐकून "हो हो" म्हटलेले असते आणि तिथेच फोन ठेवलेला असतो. "हो" या शब्दाने कळले असेही सूचित होते आणि न कळल्याचे झाकलेही जाते. म्हणून एक नियम घालावा : वेळ ऐकल्यावर नुसते "हो" म्हणायचे नाही, ती वेळ दुसऱ्या शब्दांत परत म्हणायची. समोरून पावणेअकरा आले तर "दहा पंचेचाळीस ना?" म्हणायचे, आणि समोरून दहा पंचेचाळीस आले तर "म्हणजे पावणेअकरा" म्हणायचे. तोच शब्द पोपटासारखा परत म्हटला, तर मनातला चुकीचा अर्थ तसाच राहतो.

तिसऱ्या फेरीत थोडी खोड काढावी. क्लिनिकची भूमिका करणाऱ्याने एखादी वेळ मुद्दाम भरभर किंवा दुसऱ्या कुणाशी बोलत बोलत सांगावी. रुग्णाला "काय?" असे न म्हणता "माफ करा, आवाज तुटला" किंवा "जरा सावकाश सांगाल का?" असे म्हणता आले पाहिजे. संबोधनही इथेच तपासावे. आवाजावरून वयाचा अंदाज येईपर्यंत "मॅडम" किंवा "सर" सुरक्षित. ओळखीच्या क्लिनिकमध्ये "ताई" किंवा "अक्का" चालते, आणि समोरून "काका" आले तर विद्यार्थ्याने बावरून जाऊ नये. क्रियापद मात्र सर्वत्र "तुम्ही"चेच.

शेवटची फेरी भूमिका उलटवून घ्यावी : या वेळी फोन क्लिनिककडून येतो. "डॉक्टरांना अचानक बाहेरगावी जावं लागतंय, तुमची शनिवारची वेळ बदलावी लागेल" असे सांगितले जाते आणि रुग्णासमोर वही नसते, फक्त स्वतःचा आठवडा असतो. आता उशीर क्लिनिककडून होतो आहे, त्यामुळे सिमेंटची आठवण करून देण्याची पाळी रुग्णाची : "पण मॅडम, सिमेंट फार दिवस ठेवायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होता." हे वाक्य राग न येऊ देता, आणि तरी मागे न हटता ज्याला म्हणता येते, त्याला पुढचा पाठ द्यायला हरकत नाही. ज्याला येत नाही, त्याच्याकडून ही फेरी दुसऱ्या जोडीदाराबरोबर आणि नव्या तारखा घालून आणखी एकदा करून घ्यावी.